रजिस्टर एडी गेली, पोहोचल्याच्या पुराव्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर
टपाल की ईमेल, या प्रश्नापेक्षा 'पत्र कोणत्या तारखेला पोहोचले' हा प्रश्न निर्णायक

बोम्मसंद्रा (बंगळूरु) : बंगळूरुच्या दक्षिण टोकाला, होसूर रस्त्यावरील बोम्मसंद्रा औद्योगिक वसाहतीपर्यंत मेट्रोची पिवळी मार्गिका १० ऑगस्ट २०२५ रोजी पोहोचली. त्यानंतर अवघ्या तीन आठवड्यांनी, १ सप्टेंबरपासून, टपाल खात्याची रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. मेट्रोच्या उद्घाटनाला पंतप्रधान आले, गर्दी झाली. दुसऱ्या बदलाची दखल मात्र बहुतेकांनी तिकिटाचा दर वाढला एवढ्यापुरतीच घेतली. वसाहतीतील लहान कारखानदार, त्यांना माल पुरवणारे आणि त्यांच्याकडून माल घेणारे महाराष्ट्रातील व्यावसायिक यांच्या दृष्टीने मात्र हा बदल दरापुरता नाही. उधारी थकली, धनादेश वटला नाही किंवा करार मोडला, तर पुढची सारी कायदेशीर वाटचाल एका पत्रापासून सुरू होते. आणि ते पत्र समोरच्याला कधी मिळाले, हे सिद्ध करण्याची सवयीची वाट आता बदलली आहे.

'रजिस्टर एडी केली आहे' हे वाक्य मराठी व्यवहारात इतके रुळलेले होते की त्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा विसर पडत असे. टपालाची नोंदणी ही पहिली गोष्ट. पत्र टपाल खात्याच्या ताब्यात गेले याची पावती तिने मिळत असे, आणि ते नाव लिहिलेल्या व्यक्तीच्या किंवा तिने अधिकार दिलेल्याच्याच हाती पडेल, अशी व्यवस्था होत असे. पोचपावती ही दुसरी. घेणाऱ्याची सही आणि तारीख असलेले कार्ड पाठवणाऱ्याकडे परत येई. स्पीड पोस्टची मूळ रचना वेगळी आहे. तिचा भर वेगावर आहे आणि पत्र पत्त्यावर पोहोचवणे हे तिचे काम. त्या पत्त्यावर जो कोणी उपस्थित असेल, त्याच्याकडे ते दिले जाऊ शकते. कारखान्याच्या बाबतीत हा माणूस बहुधा फाटकावरचा सुरक्षारक्षक असतो.

मागितले तरच मिळणारे संरक्षण

विलीनीकरणानंतर टपाल खात्याने ही उणीव मूल्यवर्धित सेवेच्या रूपाने भरून काढली. १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या सुधारित दरांनुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्ट पत्राला स्थानिक वितरणासाठी १९ रुपये आणि बाहेरगावी, अंतर कितीही असले तरी, ४७ रुपये पडतात. त्यावर आणखी ५ रुपये भरल्यास 'रजिस्ट्रेशन' जोडले जाते, म्हणजे पत्र नावाच्या व्यक्तीलाच किंवा तिच्या अधिकृत प्रतिनिधीलाच देण्याची अट लागू होते. आणखी ५ रुपयांत ओटीपी सांगितल्यावरच पत्र सोपवण्याची सोय मिळते. या साऱ्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. म्हणजे बोम्मसंद्राहून कोल्हापूरला रजिस्ट्रेशनसह एक साधे पत्र पाठवण्यास ६१ रुपये ३६ पैसे लागतात. जुन्या व्यवस्थेत रजिस्टर्ड पत्राचा किमान दर करासह २५ रुपये ९६ पैसे होता आणि पोचपावतीचे शुल्क त्यावर वेगळे होते.

टपाल खात्याची बाजू समजण्यासारखी आहे. नोंदणीकृत टपालाची संख्या २०११-१२ मधील २४.४४ कोटींवरून २०१९-२० मध्ये १८.४६ कोटींवर आली होती. दोन समांतर यंत्रणा चालवण्याऐवजी एकच, संपूर्ण मागोवा घेता येणारी यंत्रणा ठेवणे खात्याला किफायतशीर वाटले. व्यवहारातील परिणाम मात्र असा की पूर्वी 'रजिस्टर एडी' हा एक शब्द काउंटरवर उच्चारला की सर्व संरक्षण एकत्र मिळत असे. आता 'स्पीड पोस्ट' एवढेच म्हटले तर त्यातील महत्त्वाचा भाग गळून पडतो. रजिस्ट्रेशन आणि पोचपावती या दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या मागाव्या लागतात. पावती हाती आल्यावर तिच्यावर त्या छापल्या आहेत का, हे खिडकीपासून दूर होण्याआधीच पाहावे लागते. ही चूक नंतर दुरुस्त करता येत नाही.

कायद्याच्या शब्दांचा प्रश्नही होता. सर्वसाधारण वाक्खंड अधिनियम, १८९७ याच्या कलम २७ मध्ये टपालाने बजावणी कशी झाली मानायची, याचा नियम आहे. पत्ता बरोबर असेल, तिकिटाचे पैसे भरलेले असतील आणि पत्र 'रजिस्टर्ड पोस्टाने' पाठवले असेल, तर विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते नेहमीच्या टपालाच्या वेळेत पोहोचले असे न्यायालय गृहीत धरते. ज्या सेवेचे नाव कलमात आहे तीच बंद झाल्यावर या गृहीतकाचे काय, अशी शंका वकीलवर्गात उपस्थित होणे स्वाभाविक होते. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या निरसन व सुधारणा कायद्याने ७१ कालबाह्य कायदे रद्द करतानाच हा अधिनियम आणि दिवाणी प्रक्रिया संहिता यांतील नोंदणीकृत टपालाविषयीची शब्दरचना अद्ययावत केली. खासगी करारांचे तसे नाही. भागीदारीची पत्रे, भाडेकरार, खरेदीच्या अटी यांमध्ये 'नोटीस रजिस्टर्ड पोस्ट एडीनेच द्यावी' असे वाक्य अजूनही छापलेले आहे आणि ते आपोआप बदलत नाही. अशा करारातील पक्षाने रजिस्ट्रेशन आणि पोचपावती या दोन्हींसह स्पीड पोस्ट पाठवणे, हे त्या अटीच्या हेतूशी जुळणारे सर्वांत जवळचे पाऊल ठरते.

तारीख नसल्याने गमावलेला दावा

पोहोचल्याच्या पुराव्याचे महत्त्व किती, हे मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या आणि २००८ मध्ये निकाली निघालेल्या एका प्रकरणातून दिसते. न वटलेल्या धनादेशाबद्दलची नोटीस १७ जानेवारी २००१ रोजी पाठवण्यात आली होती, आणि तीही स्पीड पोस्टाने. फौजदारी तक्रार २० एप्रिल २००१ रोजी दाखल झाली. नोटीस समोरच्या व्यक्तीला नेमकी कोणत्या दिवशी मिळाली, याची निश्चित तारीख नसल्याने न्यायालयाला गृहीतकाचा आधार घ्यावा लागला.

या निकालातील पहिला मुद्दा तक्रारदारांना दिलासा देणारा होता. बजावणीचे गृहीतक केवळ रजिस्टर्ड पोस्टापुरते मर्यादित नाही. साक्ष्य कायद्यातील कलम ११४ नुसारही, व्यवहाराच्या नेहमीच्या क्रमावरून, न्यायालय ते धरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. हीच तरतूद आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम ११९ मध्ये आहे. स्पीड पोस्टही त्यामुळे कायद्याला परकी नव्हती.

दुसरा मुद्दा मात्र तक्रारदाराच्या विरोधात गेला. नोटीस वाजवी वेळेत पोहोचली असे मानायचे तर पाठवल्यापासून फार तर ३० दिवसांत ती पोहोचली असे धरावे लागेल, असे न्यायालय म्हणाले. त्यापुढे पैसे देण्याचे १५ दिवस मोजले तर मुदत मार्चच्या दुसऱ्या तारखेच्या सुमारास संपते, आणि तक्रार २ एप्रिल २००१ पर्यंत दाखल व्हायला हवी होती. ती २० एप्रिलला आली, म्हणून मुदतबाह्य ठरली. विलंब माफ करण्याची तरतूद कायद्यात २००३ पासून लागू झाली. ती मागील तारखेने या प्रकरणाला लावता येणार नाही, असेही न्यायालयाने स्पष्ट केले.

पत्र पोहोचल्याचा पुरावा नसेल तर कायदा पाठवणाऱ्याच्या मदतीला येतो, ही समजूत या निकालाने अर्धीच खरी ठरवली. कायदा पत्र पोहोचले असे मानतो. पण ते केव्हा पोहोचले, हेही मग कायदाच ठरवतो, आणि ती तारीख पाठवणाऱ्याच्या हिशेबाशी जुळेलच असे नाही.

एका नोटिशीचा हिशेब

धनादेशाच्या प्रकरणात तारखा इतक्या काटेकोर का असतात, हे एका कल्पित उदाहरणातून स्पष्ट होईल. समजा, बोम्मसंद्रा येथील एका यंत्रशाळेने यंत्रांचे सुटे भाग एका कंपनीला पुरवले. कंपनीचा कारखाना कोल्हापूरजवळील शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत आहे, तर तिचे नोंदणीकृत कार्यालय पुण्यात. कंपनीने दिलेला धनादेश वटला नाही आणि बँकेचा तसा मेमो यंत्रशाळेला २ फेब्रुवारी २०२६ रोजी मिळाला.

परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १३८ नुसार मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. मेमो मिळाल्याचा दिवस वगळून ही मुदत ४ मार्चला संपते. नोटीस कोणत्या मार्गाने द्यावी हे कलमात सांगितलेले नाही. ती लेखी असावी एवढीच अट आहे. नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस देणेकऱ्याला पैसे भरण्यासाठी आहेत. ते उलटल्यावर तक्रारीचे कारण निर्माण होते आणि तेथून एका महिन्यात तक्रार दाखल करायची असते. यंत्रशाळेचे बँक खाते बोम्मसंद्रा येथील शाखेत असेल, तर २०१५ च्या दुरुस्तीमुळे त्या शाखेवर अधिकारक्षेत्र असलेल्या स्थानिक न्यायालयात ही तक्रार करता येते. कोल्हापूरला जावे लागत नाही.

आता यंत्रशाळेने ९ फेब्रुवारीला दोन पाकिटे रवाना केली, एक शिरोलीला आणि एक पुण्याला. दुसरे पाकीट आवश्यक होते. कंपनी कायदा, २०१३ याच्या कलम २० नुसार कंपनीवरील बजावणी तिच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या पत्त्यावर होते, आणि हा पत्ता कारखान्याच्या फलकावर किंवा बिलावर असतोच असे नाही. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तो पाहता येतो. अनेक नोटिसा कारखान्याच्या फाटकाशी पोहोचून वादात सापडतात त्या याच कारणाने.

शिरोलीचे पाकीट १२ फेब्रुवारीला पोहोचले आणि पुण्याचे १३ फेब्रुवारीला, असे धरू. शिरोलीच्या तारखेने १५ दिवस २७ फेब्रुवारीला संपतात, कारण २८ फेब्रुवारीला निर्माण होते आणि तक्रारीची मुदत २८ मार्चपर्यंत जाते. पुण्याच्या तारखेने १५ दिवस २८ फेब्रुवारीला संपतात, कारण १ मार्चला निर्माण होते आणि मुदत १ एप्रिलपर्यंत आहे. कोणती तारीख खरी धरायची यावर वाद होऊ द्यायचा नसेल, तर दोन्ही हिशेबांत बसणारा काळ निवडावा लागतो, म्हणजे १ मार्चच्या आधी नाही आणि २८ मार्चनंतर नाही. १ मार्चला रविवार आहे आणि २८ मार्चला चौथा शनिवार. प्रत्यक्षात २ ते २७ मार्च एवढाच सुरक्षित अवकाश उरतो.

यात घाई करणे उशीर करण्याइतकेच महागात पडते. १५ दिवस पूर्ण होण्याआधी दाखल केलेली तक्रार ही कायद्याच्या दृष्टीने तक्रारच नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ठरवले आहे. उशिराने आलेली तक्रार पुरेसे कारण दाखवल्यास आता स्वीकारली जाऊ शकते. या दोन टोकांच्या मध्ये नेमके कोठे उभे राहायचे, हे पाकीट पोहोचल्याच्या तारखेवाचून कळत नाही.

ईमेलने घड्याळ आधी सुरू होते

याच यंत्रशाळेने त्याच दिवशी, ९ फेब्रुवारीला, नोटिशीची प्रत ईमेलनेही पाठवली असेल तर? येथे माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याचे कलम १३ लागू होते. इलेक्ट्रॉनिक संदेश केव्हा 'मिळाला', हे या कलमाने पत्त्याच्या स्वरूपावर अवलंबून ठेवले आहे. घेणाऱ्याने संदेशांसाठी एखादा ईमेल पत्ता नेमून दिला असेल, तर संदेश त्या यंत्रणेत शिरला त्या क्षणी तो मिळाला असे मानले जाते. तो उघडला की नाही हा प्रश्न उरत नाही. पत्ता नेमलेला असूनही संदेश दुसऱ्याच पत्त्यावर गेला, तर घेणाऱ्याने तो प्रत्यक्ष काढून घेतल्यावरच तो मिळाला असे धरले जाते. आणि पत्ता नेमलेलाच नसेल, तर घेणाऱ्याच्या यंत्रणेत तो शिरला ती वेळ धरतात. पक्षांनी करारात वेगळे ठरवले असेल, तर अर्थातच ते चालते.

धनादेशाची नोटीस ईमेलने देता येते का, या प्रश्नावर अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये होकार दिला. मात्र कलम १३ च्या अटी पूर्ण झाल्या पाहिजेत, असे बजावले. म्हणजे उदाहरणातील कंपनीने आपल्या खरेदी आदेशावर पत्रव्यवहारासाठी ईमेल पत्ता दिला असेल आणि नोटीस त्याच पत्त्यावर गेली असेल, तर ती ९ फेब्रुवारीलाच मिळाली, असा युक्तिवाद करता येतो. तसे झाल्यास १५ दिवस २४ फेब्रुवारीला संपतात, कारण २५ फेब्रुवारीला निर्माण होते आणि तक्रारीची मुदत २५ मार्चला येऊन थांबते. टपालाच्या हिशेबाने २७ मार्चपर्यंत निर्धास्त असलेल्या यंत्रशाळेने २६ मार्चला तक्रार केली, तर तिच्या स्वतःच्या ईमेलचाच आधार घेऊन समोरचा पक्ष ती मुदतबाह्य म्हणू शकतो. ईमेल 'जोडीला असू द्यावा' म्हणून पाठवणाऱ्यांच्या ध्यानात ही बाब सहसा येत नाही. दोन्ही मार्ग वापरणे योग्यच. पण मग तक्रारीचा आरंभ सर्वांत उशिराच्या तारखेवरून आणि शेवट सर्वांत आधीच्या तारखेवरून मोजावा लागतो. येथे तो अवकाश २ ते २५ मार्च असा होतो.

ईमेलची बलस्थाने आणि उणिवा टपालाच्या अगदी उलट आहेत. टपालाची पावती पाकीट गेल्याचे सांगते, पण पाकिटात काय होते हे सांगत नाही. 'आत कोरा कागद होता' हा बचाव न्यायालयांना नवा नाही. ईमेलमध्ये मजकूर, जोडपत्र, वेळ हे सारे एकत्र नोंदलेले असते. मात्र तो पोहोचल्याची खात्री पाठवलेल्या संदेशांच्या फोल्डरमधून मिळत नाही. तेथे फक्त रवानगी दिसते. पत्ता चुकला तर संदेश न पोहोचल्याची सूचना उलट येते, आणि अनेकदा ती कोणी पाहत नाही. वाचल्याची पोच मागितली तरी ती देणे न देणे घेणाऱ्याच्या मर्जीवर असते. जड जोडपत्रे समोरच्या सर्व्हरने अडवणे किंवा संदेश स्पॅममध्ये जाणे, हेही नेहमीचे. म्हणून सर्वांत भक्कम पुरावा असतो तो समोरून आलेल्या उत्तराचा. 'आपले पत्र मिळाले, हिशेब तपासून कळवतो' अशी एक ओळ, खाली मूळ संदेश जोडलेला, एवढे असले की पोहोचल्याचा वाद बहुधा संपतो.

छापील प्रत पुरेशी नाही

ईमेलची छापील प्रत न्यायालयात ठेवली की काम झाले, हा दुसरा गैरसमज. या बाबतीतील निर्णायक निकाल महाराष्ट्रातील आहे. जालना विधानसभा मतदारसंघाच्या २०१४ च्या निवडणुकीवरून अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्यात झालेल्या वादात उमेदवारी अर्ज नेमक्या कोणत्या वेळी दाखल झाला, हा प्रश्न होता आणि निवडणूक कार्यालयातील चित्रीकरण हा पुरावा. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितले, की मूळ उपकरण न्यायालयापुढे आणले नसेल, तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र अनिवार्य आहे. चित्रीकरणाला लागू झालेला हा नियम ईमेलच्या छापील प्रतीलाही लागू होतो.

१ जुलै २०२४ पासून हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार द्यावे लागते आणि त्याचे दोन भाग आहेत. एक उपकरण वापरणाऱ्या पक्षाने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. त्यात त्या फाइलचे हॅश मूल्यही नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या आशयावरून गणिताने काढलेली खूण; आशयात एक अक्षर बदलले तरी ती बदलते. याचा व्यावहारिक अर्थ असा की ईमेलचा केवळ स्क्रीनशॉट ठेवू नये. मूळ संदेश त्याच्या शीर्ष-माहितीसह जतन करून ठेवावा आणि ज्या खात्यातून तो पाठवला ते खाते प्रकरण संपेपर्यंत बंद करू नये. लहान कारखान्यात पत्रव्यवहार पाहणारा कर्मचारी नोकरी सोडून जातो, त्याचे खाते पुसले जाते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. ही हानी बहुधा वर्षभराने, साक्षीच्या वेळी लक्षात येते.

परत आलेले पाकीट उघडू नये

टपालाच्या बाजूने विचार केल्यास, पत्र पोहोचलेच नाही तर पुढे काय, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर परत आलेल्या पाकिटावरील शेऱ्यात असते. 'घेण्यास नकार', 'मागणी केली नाही', 'घर बंद', 'दुकान बंद', 'घरी भेटले नाहीत' अशा शेऱ्यांसह पाकीट परत आले, तर पत्ता योग्य असल्यास बजावणी झाल्याचे गृहीत धरता येते, अशी सर्वोच्च न्यायालयाच्या अनेक निकालांची दिशा आहे. 'पत्ता अपुरा' किंवा 'या पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा असेल, तर मात्र गृहीतकाचा पायाच ढासळतो. कारण बरोबर पत्ता ही त्याची पहिली अट आहे. असे पाकीट परत येताच ३० दिवसांची मुदत शिल्लक असेतोवर नवा पत्ता शोधून दुसरी नोटीस पाठवावी लागते. मेमो मिळाल्यावर शेवटच्या आठवड्यापर्यंत न थांबता लगेच नोटीस पाठवण्याचे खरे कारण हेच.

नोटीस मिळालीच नाही, असे देणेकरी शेवटपर्यंत म्हणत राहिला तर? सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००७ मध्ये त्यावर सरळ उत्तर दिले. खरोखरच नोटीस मिळाली नसेल, तर न्यायालयाचे समन्स आल्यापासून १५ दिवसांत त्याने पैसे भरावेत. समन्सबरोबर तक्रारीची प्रत मिळूनही जो पैसे भरत नाही, त्याला नोटीस न मिळाल्याची तक्रार करता येणार नाही. अर्थात ही ढाल धनादेशाच्या प्रकरणापुरती आहे. भाडेकरार संपवण्याची नोटीस, राजीनामा, विमा दाव्याची सूचना, लवाद नेमण्याची मागणी यांत अशी दुसरी संधी गृहीत धरता येत नाही. तेथे पोहोचल्याचा मूळ पुरावाच कामी येतो.

परत आलेले पाकीट न उघडता तसेच ठेवणे हा वकिलांचा जुना शिरस्ता आहे, आणि तो सकारण आहे. मोहोरबंद पाकीट न्यायालयात उघडले, की आत कोणता मजकूर होता याबद्दलचा वाद तेथेच मिटतो. टपाल खात्याच्या संकेतस्थळावरील मागोव्याची नोंद मात्र कायम राहत नाही. ठरावीक काळानंतर ती दिसेनाशी होते. तेरा अक्षर-अंकांचा वस्तू क्रमांक हाती असूनही सहा महिन्यांनी तेथे काहीच सापडत नाही, असा अनुभव येऊ शकतो. पत्र पोहोचल्याची नोंद दिसताच तिची छापील प्रत काढणे, आणि पोचपावती परत न आल्यास संबंधित टपाल कार्यालयाकडे वितरणाचा लेखी दाखला विनाविलंब मागणे, ही दोन कामे त्या आठवड्यातच उरकावी लागतात.

करारातील एक ओळ

पुराव्याची साखळी अखेर कार्यालयातील स्थळप्रतीवर येऊन मिळते. पत्राच्या माथ्यावर 'रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टाने व ईमेलने' असे लिहिलेले, जावक क्रमांक घातलेला, पाठवण्याची पावती त्याच कागदाला जोडलेली आणि वस्तू क्रमांक पत्रातच नोंदलेला असेल, तर पाकिटाचा मजकुराशी संबंध जोडता येतो. तोच मजकूर त्याच दिवशी ईमेलने गेला असेल, तर 'कोरा कागद' हा बचाव टिकवणे कठीण होते. टपाल आणि ईमेल एकमेकांचे पर्याय नाहीत ते या अर्थाने. माणसाच्या हाती पत्र पडल्याचा पुरावा टपाल देते, आणि त्यात काय लिहिले होते याचा पुरावा ईमेल.

राहतो प्रश्न ईमेलच्या पत्त्याचा, आणि तो भांडणाच्या वेळी सोडवता येत नाही. खरेदी आदेशात किंवा करारात 'सर्व सूचना या ईमेल पत्त्यावर आणि या टपाल पत्त्यावर द्याव्यात. पत्ता बदलल्यास लेखी कळवेपर्यंत जुनाच पत्ता ग्राह्य धरला जाईल' अशी एक ओळ असेल, तर कलम १३ मधील संदिग्धता दूर होते आणि पत्त्याबाबतचा आक्षेपही बहुतांशी निकालात निघतो. बोम्मसंद्रासारख्या वसाहतींत, जेथे पुरवठा बंगळूरुत, कारखाना कोल्हापुरात आणि नोंदणीकृत कार्यालय पुण्या-मुंबईत अशी व्यवहाराची विभागणी सहज असते, तेथे ही ओळ माल पाठवण्याआधीच लिहून घ्यावी लागते. रजिस्टर एडीच्या काळात काउंटरवरचा एक शब्द जे काम करत असे, त्यातील बराचसा भाग आता करार लिहितानाच पार पाडावा लागणार आहे.